हजार फुटांवरचा निर्णय

२२ मे २०१० ची पहाट. मंगळूरच्या बजपे विमानतळावर हवा स्वच्छ होती, वारा जवळपास नव्हताच आणि धावपट्टी कोरडी होती. दुबईहून येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७-८०० मध्ये कोणताही बिघाड नव्हता. कॅप्टनच्या नावावर दहा हजारांहून जास्त तासांचं उड्डाण होतं. असं सगळं जमून आलेलं असताना ते विमान धावपट्टी संपवून पलीकडच्या दरीत कोसळलं. आतल्या १६६ जणांपैकी १५८ मेले.

निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने याचं थेट कारण एका वाक्यात सांगितलं. विमान ‘स्टेबिलाइज्ड’ नसताना कॅप्टनने उतरणं सोडून दिलं नाही. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ सुचवूनही आणि यंत्रणेने इशारे देऊनही तो उतरतच राहिला.

आता हे स्टेबिलाइज्ड असणं म्हणजे काय ते पाहू. धावपट्टीकडे येणारं प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. म्हणजे एक सागरी मैल पुढे जाताना सुमारे तीनशे फूट खाली. त्याचा वेग १४० नॉट्स असेल, तर मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट उंची कमी होते. या हिशेबाने विमान धावपट्टीपासून तीन सागरी मैलांवर असताना हजार फुटांवर असायला हवं, आणि तिथून चाकं टेकायला जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी सेकंद उरतात.

विमान कंपन्यांचा नियम या हजार फुटांपाशी येऊन थांबतो. ही उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजायची. ढगांमधून, उपकरणांच्या भरवशावर येत असाल तर हजार फूट आणि धावपट्टी स्वच्छ दिसत असेल तर पाचशे, असा जुना संकेत आहे. बऱ्याच कंपन्या आता सरसकट हजारच धरतात. तिथे पोचेपर्यंत विमान ठरलेल्या उतारावर आणि धावपट्टीच्या रेषेत हवं. चाकं बाहेर आलेली आणि फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत हवेत. त्या वजनाला ठरवून दिलेल्या किमान वेगापेक्षा वेग कमी नको आणि वीस नॉट्सहून जास्तही नको. खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत हवा, चेकलिस्ट संपलेली हवी आणि इंजिनं त्या उताराला साजेशा जोरावर चालू हवीत. यातलं एक जरी जमलेलं नसेल, तर उतरायचं नाही. जोर द्यायचा, वर जायचं, पुन्हा रांगेत यायचं. पुढेही, एखाद्या झुळकीने काटा क्षणभर हलला तर चालतं, पण तो हललेलाच राहिला तर खाली कुठल्याही उंचीवर हाच नियम लागू होतो.

इंजिनांची अट वाचताना किरकोळ वाटते, पण मला तीच सगळ्यांत बोलकी वाटते. जेट इंजिन आयडलवर असताना लिव्हर पुढे ढकलली की जोर लगेच मिळत नाही, काही सेकंद जातात. उतारावर नीट बसलेल्या विमानाची इंजिनं मधल्या जोरावर फिरत असतात, म्हणून गरज पडली तर ती चटकन प्रतिसाद देतात. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारं एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७ पाचशे फुटांवर आलं, तेव्हा वेगाचा काटा हवा त्या आकड्यावर, १३७ नॉट्सवर होता. नुसता तो काटा पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. पण इंजिनं आयडलवर होती आणि विमान मिनिटाला बाराशे फुटांनी खाली येत होतं. म्हणजे १३७ हा आकडा टिकणारा नव्हता, वेग तिथून आणखी घसरत होता. जोर दिला तोवर उशीर झाला होता. विमानाची शेपटी धावपट्टीअलीकडच्या बांधावर आपटली आणि तिघांचा जीव गेला. एका क्षणी सगळे आकडे जुळले की झालं, असं या नियमात नाही. ते जुळलेलेच राहतील अशी विमानाची स्थिती हवी.

मंगळूरची कथा याच्या उलट टोकाची आहे. तिथे विमानाकडे उंची आणि वेग दोन्ही जास्त होते. बीज बरंच आधी पडलं होतं. विमानतळाचं रडार त्या दिवसांत बंद होतं, त्यामुळे नियंत्रक विमानांमधलं अंतर वैमानिकांनी कळवलेल्या जागांवरून राखत होते. सहवैमानिकाने सुमारे १३० सागरी मैलांवर खाली यायची परवानगी मागितली, ती लगेच मिळाली नाही. मिळाली तेव्हा विमान ३७,००० फुटांवर होतं आणि अंतर साधारण ७७ मैल उरलं होतं. हजार फूट उतरायला तीन मैल हा वैमानिकांचा तोंडचा हिशेब. त्याप्रमाणे ३७,००० फुटांसाठी शंभराहून जास्त मैल लागतात, म्हणजे तीसेक मैलांची तूट सुरुवातीलाच होती. ती भरून काढता येते. आकाशात एक-दोन फेऱ्या मारून उंची कमी करता येते, आणि त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. पण कॅप्टन त्या सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणातला बराचसा काळ गाढ झोपलेला होता. जाग आल्यावरही माणसाची विचारशक्ती काही वेळ जड राहते, याकडे समितीने आवर्जून लक्ष वेधलं आहे.

शेवटच्या अडीच मैलांवर विमान असायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. कॅप्टनने ऑटोपायलट काढला आणि नाक खाली दाबलं. उतरण्याचा दर मिनिटाला चार हजार फुटांच्या आसपास गेला. ‘सिंक रेट’ आणि ‘पुल अप’ हे यांत्रिक इशारे कॉकपिटमध्ये वाजत होते. जेट विमान नाक खाली करून उंची घालवायला गेलं की ती उंची वेगाच्या रूपाने परत येते, कारण त्याचं अंग हवेला फारसं अडवत नाही. धावपट्टीच्या सुरुवातीशी विमान पन्नास फुटांवर आणि १४४ नॉट्सवर यायला हवं होतं. ते सुमारे दोनशे फुटांवर आणि १६० नॉट्सच्या वर आलं.

या दोन आकड्यांचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. तीन अंशांच्या उतारावर एक फूट जास्तीची उंची म्हणजे पुढे एकोणीस फूट जमीन. दीडशे फूट जास्त उंची म्हणजे सुमारे २,८५० फूट धावपट्टी हवेतच गेली. एरवी चाकं टेकतात ती जागा सुरुवातीपासून हजारेक फुटांवर असते, ते धरून ३,८५० झाले. त्यात जास्तीचा वेग. विमान जमिनीलगत आलं तरी टेकत नाही, तरंगत पुढे जातं. शेवटी चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फुटांवर. धावपट्टी ८,००० फुटांची, म्हणजे २,८०० फूट उरले. ब्रेकना जी ऊर्जा गिळायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १४४ ऐवजी १६० म्हणजे जवळपास चौथाई जास्त ऊर्जा.

इतकं होऊनही, पूर्ण ताकदीने ब्रेक आणि रिव्हर्सर वापरले असते तर विमान फरसबंदीवर थांबू शकलं असतं, असं चौकशीत दिसून आलं. पण काही सेकंद ब्रेक लावल्यावर कॅप्टनने लिव्हर पुढे ढकलून पुन्हा उडायचा प्रयत्न केला. एकदा रिव्हर्सर उघडले की थांबायचंच, असा बोइंगचा स्पष्ट नियम आहे. जो गो-अराउंड हजार फुटांवर आरामात झाला असता, तो जमिनीवर आल्यानंतर करून पाहिला गेला.

सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, मग स्वतः कंट्रोल का हाती घेतले नाहीत? समितीच्या मते त्याला तसा अधिकार नेमका कधी मिळतो याबद्दलच्या सूचना संदिग्ध असाव्यात. हा धागा दहा वर्षांनी पुन्हा दिसला. ७ ऑगस्ट २०२० ला पावसात कोळिकोडला उतरणाऱ्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे माजी हवाईदल वैमानिक होते, महाराष्ट्रात अनेकांच्या ओळखीचे. तिथेही अहवालाने हेच नोंदवलं आहे: उतरण्याचा टप्पा स्थिर नव्हता, सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवला, विमान अर्ध्या धावपट्टीच्या आसपास टेकलं, आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. त्याच विमानाने थोड्याच वेळापूर्वी दुसऱ्या बाजूने येताना एकदा गो-अराउंड केला होता, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. नियम माहीत नव्हता असं म्हणायला इथे जागाच नाही.

मग माहीत असूनही तो मोडला का जातो? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार शंभरातल्या तीन-चार अप्रोच स्थिर नसतात आणि त्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांत वैमानिक उतरूनच मोकळे होतात. बहुतेक वेळा काही होत नाही. विमान जरा पुढे टेकतं, ब्रेक जरा जोरात लागतात, प्रवासी बॅगा काढायला उठतात. दर वेळी सुखरूप उतरलेला माणूस पुढच्या वेळी थोडं आणखी सैल धरतो. म्हणूनच कंपन्यांनी हा निर्णय त्या क्षणाच्या अंदाजावर ठेवलेला नाही. आकडा आधीच ठरलेला असतो, उड्डाण न करणारा वैमानिक हजार फुटांवर मोठ्याने ‘स्टेबल’ किंवा ‘गो-अराउंड’ म्हणतो, आणि दुसरं उत्तर आलं की चर्चा होत नाही.

गो-अराउंड हाही काही फुकटचा उपाय नाही, हे सांगायला हवं. सगळी इंजिनं पूर्ण जोरावर गेली की हलकं झालेलं विमान झपाट्याने उसळतं. अंधारात किंवा ढगात त्या जोराने पाठ सीटला टेकते आणि नाक खूप वर गेल्याचा भास होतो. मार्च २०१६ मध्ये रशियातल्या रोस्तोव्हला फ्लायदुबईचं विमान अशाच प्रयत्नात कोसळून ६२ जण गेले. लाइन पायलटला वर्षातून एखाद-दुसराच गो-अराउंड करावा लागतो, त्यामुळे सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव करून घ्यावाच लागतो.

आता कंपन्या प्रत्येक उड्डाणाच्या रेकॉर्डरमधली माहिती उतरवून घेतात. गो-अराउंड केलेल्या वैमानिकाला त्याबद्दल जाब विचारायचा नाही, हे धोरण बहुतेकांनी लेखी दिलेलं आहे. फोन येतो तो दुसऱ्याला: हजार फुटांवर वेग तीस नॉट्स जास्त होता, तरी तुम्ही उतरलात, जरा बोलू या.