बुडबुडा आणि लोंढा

उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षात रात्री अकरा वाजता घंटी वाजते आणि पॅनेलवर ‘बुकोल्झ अलार्म’ची खिडकी उजळते. ट्रान्स्फॉर्मर मात्र चालूच असतो आणि गावातले दिवेही लागलेले असतात. दुसऱ्या एखाद्या रात्री घंटीबरोबर ब्रेकर उघडल्याचा धाडकन आवाज येतो, ‘बुकोल्झ ट्रिप’ असे लिहून येते आणि पाठोपाठ काळोख पसरतो. दोन्ही इशारे एकाच लोखंडी डब्यातून आलेले असतात. पण पहिला बुडबुड्यांचा आहे आणि दुसरा तेलाच्या लोंढ्याचा. पुढे काय करायचे, हे या फरकावर ठरते.

जर्मन अभियंता माक्स बुखोल्ट्स यांनी 1921 मध्ये हा रिले शोधला. आपल्याकडे त्या नावाचे ‘बुकोल्झ’ झाले. त्याची जागा समजली की काम समजते. मोठ्या ट्रान्स्फॉर्मरची टाकी तेलाने काठोकाठ भरलेली असते आणि तिच्या वर एक आडवे पिंप असते, ते कॉन्झर्व्हेटर. तेल तापून फुगले की जादा तेल नळीतून या पिंपात चढते आणि निवले की परत उतरते. नळी पिंपाकडे किंचित चढती ठेवलेली असते आणि तिच्या मधोमध हा रिले बसवतात. टाकीत कुठेही वायू तयार झाला तर तो वर चढत याच वाटेने जाणार, आणि जाता जाता रिलेच्या घुमटाकार डोक्यात अडकणार.

डब्यात दोन तरंगणारे गोळे असतात. एरवी सगळे तेलात बुडालेले असते. वरच्या भागात वायू साठू लागला की तेलाची पातळी खाली सरते, तिच्यासोबत वरचा गोळा उतरतो आणि अलार्मचा संपर्क जुळतो. मोठ्या ट्रान्स्फॉर्मरवरच्या रिलेत साधारण 200 घनसेंटीमीटर वायू, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढा, जमला की हे घडते. बाजूच्या काचेवर मापाच्या खुणा असतात, त्यामुळे किती जमले ते वाचता येते.

खालचा भाग वेगळ्या कामाचा. तिथे नळीच्या तोंडासमोर एक झडप असते. आत विजेची ठिणगी लागून जोरदार दोष झाला की तेलाचे क्षणार्धात वायूत रूपांतर होते आणि तो वायू तेलाला कॉन्झर्व्हेटरकडे ढकलतो. हा लोंढा झडपेवर आदळतो, ती झुकते आणि ट्रिपचा संपर्क जुळतो. वायू साठेपर्यंत वाट पाहिली जात नाही.

मग रोजच्या चढत्या तेलाने झडप का हलत नाही? साधा हिशेब मांडून पाहू. टाकीत 20,000 लिटर तेल आहे आणि दुपारच्या उन्हात व भारात ते 40 अंशांनी तापले, असे धरू. खनिज तेल दर अंशाला हजारी पाऊण भाग फुगते, म्हणजे सुमारे 600 लिटर तेल वर चढेल. ते सहा तासांत 80 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून गेले तर तिथला वेग सेकंदाला अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास येतो. झडप हलायला मात्र सेकंदाला मीटरभर वेग लागतो, म्हणजे जवळपास दोनशे पट. ट्रान्स्फॉर्मरच्या पोटात काही फुटल्याशिवाय असा वेग सहसा येत नाही. खालचा गोळा तिसऱ्या प्रसंगीही ट्रिप देतो. कुठे तरी गळती होऊन तेल रिलेपर्यंत उतरले, की तो लोंब खातो.

अलार्मच्या वेळी मुख्य प्रश्न एकच असतो: हा वायू कुठून आला? तेलाचे शुद्धीकरण करून टाकी पुन्हा भरली असेल तर कोपऱ्यांत अडकलेली हवा काही दिवस बाहेर पडत राहते आणि रिलेत जमते. दोषाचा वायू वेगळा असतो. साधे तापलेले तेल हायड्रोजन, मिथेन, इथिलिन देते, ठिणगीने अ‍ॅसिटिलीन येते आणि कागदाचे वेष्टन जळले की कार्बन मोनॉक्साइड दिसतो.

समजा, 132/33 केव्हीच्या एका ट्रान्स्फॉर्मरवर नुकतेच शुद्धीकरण झाले आहे आणि अकराच्या सुमारास अलार्म आला आहे. यंत्रचालक भार, तापमान आणि तेलाची पातळी नोंदवून अभियंत्याला फोन करतो. वर चढून वायू काढायचा तर आजूबाजूला उच्च दाबाची बुशिंगे असतात, म्हणून ट्रान्स्फॉर्मर बंद करून काचेच्या सिरिंजमध्ये नमुना घेतला जातो. उशीर करणे चुकीचे, कारण अ‍ॅसिटिलीन तेलात सहज विरघळते आणि मागे राहिलेला नमुना खोटे सांगू लागतो. काडी ओढून वायू पेटतो का हे जागेवर पाहण्याची जुनी सवय तर धोक्याचीच. प्रयोगशाळेत फक्त ऑक्सिजन आणि नायट्रोजन निघाले. म्हणजे हवा.

वायू सोडून ट्रान्स्फॉर्मर चालू केल्यावर पुढचा अलार्म नऊ तासांनी, त्यानंतरचा वीस तासांनी, मग दोन दिवसांनी आला. प्रत्येक वेळी 200 घनसेंटीमीटर जमले असे धरले, तर वेग तासाला 22 वरून 10 आणि मग चारवर आला. हवा संपत चालली आहे. हेच अंतर उलट दोन दिवस, वीस तास, नऊ तास असे आवळत गेले असते आणि नमुन्यात हायड्रोजन, इथिलिन असते, तर तो ट्रान्स्फॉर्मर पुन्हा चालू करणे म्हणजे दोषाला वाढायला वेळ देणे. एका आकड्यापेक्षा दोन अलार्ममधल्या अंतराची नोंदवही जास्त बोलते, म्हणून तिची शिस्त पाळली पाहिजे.

ट्रिप आल्यावर मात्र असा धीर धरता येत नाही. चालू करून पाहू, असे म्हणणे इथे घातक आहे. आधी रिलेची काच पाहायची. आत दोष असेल तर लोंढ्यानंतर थोड्या वेळात वायूही जमतो. ट्रिप आली, पण काचेमागे तेल काठोकाठ, वायूचा पत्ता नाही, बाकीचे संरक्षक रिलेही गप्प, असे असेल तर संशय बाहेरच्या कारणांकडे वळतो. बाहेरच्या लाइनवरील मोठ्या शॉर्ट सर्किटने वळणे हादरून तेलाला धक्का बसू शकतो. पावसाळ्यात रिलेच्या जोडणीच्या पेटीत पाणी शिरते आणि दोन तारा ओल्या होऊन संपर्क जुळल्यासारखे वागतात. पेटीचे झाकण उघडले की थेंब दिसतात. तरीही तेलाचा नमुना आणि वळणांच्या चाचण्या झाल्याशिवाय वीज सोडू नये.

व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या टॅप चेंजरच्या वेगळ्या तेलकप्प्यावरही असाच एक रिले असतो, पण त्यात अलार्मचा गोळाच नसतो. तिथे प्रत्येक टॅप बदलताना छोटी ठिणगी पडते, त्यामुळे थोडा वायू रोजच तयार होतो आणि नुसता वायू जमल्याने दोष सिद्ध होत नाही. म्हणून तो वायू वर जाऊ दिला जातो आणि पहारा फक्त लोंढ्यावर ठेवला जातो.