कांद्याचा दूरस्थ ग्राहक आणि आगाऊ रकमेची मागणी

बाजारात सौदा ठरला की ग्राहकाने विक्रेत्याच्या हातावर इसार ठेवावा, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. जनावरांचा बाजार असो, उभ्या उसाचा सौदा असो किंवा डाळिंबाच्या बागेची मक्त्याने विक्री असो, इसार देतो तो घेणारा आणि स्वीकारतो तो विकणारा. अलीकडे भ्रमणध्वनीवरून व समाजमाध्यमांवरून शेतमालाच्या खरेदीचे जे खोटे व्यवहार होत आहेत, त्यांत हीच गोष्ट उलटी झालेली आढळते. माल विकणारा शेतकरीच घेणाऱ्याला पैसे पाठवून मोकळा होतो. असे व्यवहार शहाण्यासुरत्या माणसाकडूनही कसे घडतात, हे समजून घेतल्यावाचून त्यांस आळा घालता येणार नाही. याकरिता प्रथम कांद्याचे एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पित आहे. तथापि त्यातील प्रत्येक पायरी या प्रकारच्या फसवणुकीत नेहमी योजली जाणारी आहे.

नेवासे तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या चाळीत उन्हाळी कांदा साठविलेला आहे, असे समजू. माल १०० क्विंटल, म्हणजे ५० किलोच्या २०० गोण्या. श्रावण संपत आला आहे. चाळीत सड दिसू लागली आहे, काही कांद्यांना कोंब आले आहेत आणि घोडेगावच्या बाजारात भाव क्विंटलला १,४०० रुपयांवर अडकला आहे. शेतकरी मालाचे छायाचित्र व आपला क्रमांक खरेदी-विक्रीच्या एका गटावर टाकतो. दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या एका व्यापाऱ्याचा म्हणून दूरध्वनी येतो. बोलणारा हिंदीत, अदबीने बोलतो. गोलटी किती निघेल, पत्ती टिकून आहे काय, असे जाणत्याचे प्रश्न विचारतो आणि १,८५० रुपये भाव देऊ करतो. १०० क्विंटलवर बाजारापेक्षा ४५,००० रुपये अधिक मिळणार! थोड्याच वेळात त्याच्या आधारपत्राचे, दुकानाच्या पाटीचे आणि वस्तू व सेवा कराच्या नोंदणीपत्राचे छायाचित्रही येते.

येथपर्यंत पैशांचा विषय निघत नाही. विश्वास बसल्यावर पहिली मागणी येते, आणि ती अगदी लहान असते. ‘विक्रेता म्हणून आमच्याकडे नोंदणी करण्यास १,५०० रुपये लागतात, मालाच्या पैशांबरोबर परत मिळतील.’ ती भरली की मालमोटार निघाल्याचा निरोप येतो. गाडीचा क्रमांक व चालकाचा क्रमांकही दिला जातो. वाटेत चालकाचा दूरध्वनी येतो की, निम्मे भाडे १२,००० रुपये मिळाल्याशिवाय गाडी पुढे येणार नाही. व्यापारी म्हणतो, ‘आपण आता द्या, मी भाड्यासह सर्व रक्कम एकदम पाठवितो.’ शेतकऱ्याने एव्हाना मजूर लावून गोण्या भरून ठेवलेल्या असतात. तो पैसे पाठवितो. शेवटी विमा आणि राज्याच्या हद्दीवरील प्रवेशपत्र यांसाठी ६,५०० रुपये मागितले जातात. एकूण २०,००० रुपये जातात, आणि नंतर दोन्ही क्रमांक बंद होतात.

या हिशोबात फसविणाऱ्याचे खरे कसब दिसते. प्रत्येक मागणी अपेक्षित ४५,००० रुपयांच्या लाभापेक्षा लहान ठेवलेली असते. शिवाय दुसरी मागणी नाकारली तर पहिली रक्कम बुडेल, ही भीती शेतकऱ्याला पुढे ढकलीत राहते. तेव्हा शेतकरी लोभी होता, एवढे म्हणून भागत नाही. नासत चाललेला माल आणि पडलेला बाजार यांमुळे त्याला घाई झालेली असते, आणि फसविणारा नेमकी हीच वेळ साधतो.

यांतील काही मागण्या तर ऐकताक्षणीच खोट्या म्हणून ओळखता येतात. ताज्या कांद्यावर वस्तू व सेवा कर नाही आणि स्वतः पिकविलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यास त्या कायद्याखाली नोंदणी करावी लागत नाही. म्हणून त्या कराच्या नावाने मागितलेला एक रुपयाही देय नाही. व्यापारी शेतावरून माल उचलीत असेल, तर भाडे त्याने गाडीवाल्यास द्यावयाचे असते. त्यात शेतकऱ्याचा संबंध येत नाही.

कागदपत्रांच्या तपासणीविषयी मात्र थोडे सावधपणे बोलले पाहिजे. व्यापाऱ्याने पाठविलेला कर नोंदणी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्य दर्शवितात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९ आणि तेलंगणाचे ३६. बंगळूरचा व्यापारी म्हणविणाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू झाला, तर खुलासा विचारावा. gst.gov.in या संकेतस्थळावर हा क्रमांक घातला असता पेढीचे नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणासही विनामूल्य पाहता येते. परंतु एवढ्यावरून सदर पेढी अस्तित्वात आहे, इतकेच सिद्ध होते. दूरध्वनीवर बोलणारा मनुष्य त्या पेढीचा आहे, हे सिद्ध होत नाही. खऱ्या व्यापाऱ्याचे नोंदणीपत्र उचलून वापरणे मुळीच कठीण नाही. आधारपत्राचे आणि गाडीच्या क्रमांकाचेही तेच आहे. म्हणून पेढीचा क्रमांक तिच्या गावच्या बाजार समितीकडून स्वतंत्रपणे मिळवावा आणि त्यावर विचारणा करावी. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर केलेली चौकशी ही चौकशीच नव्हे.

कागदांपेक्षा अधिक बोलका पुरावा पैसे पाठविण्याच्या वेळी पडद्यावर दिसतो. यूपीआयद्वारे रक्कम पाठविण्यापूर्वी ज्याच्या खात्यात ती जाणार, त्याचे बँकेतील नाव दाखविले जाते. पेढी बंगळूरची, पण नाव तिसऱ्याच कोणा व्यक्तीचे, असे दिसले की तेथेच थांबावे. ‘ते आमच्या मुनीमाचे खाते आहे’ हे उत्तर ठरलेले असते.

याच व्यवहाराचा दुसरा प्रकार असा की, ग्राहक पैसे मागत नाही, उलट ‘इसार पाठवितो’ म्हणतो. तो चौकोनी संकेतचित्र पाठवून ते भ्रमणध्वनीने टिपण्यास व आपला गुप्त पिन टाकण्यास सांगतो. सैन्यदलाच्या भोजनालयासाठी भाजी हवी आहे, असे सांगून हा प्रकार पुष्कळदा केला जातो. येथे एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून गेले. तसेच रक्कम जमा झाल्याचे छायाचित्र किंवा लघुसंदेश आला, म्हणजे रक्कम जमा झाली असे होत नाही. ‘चुकून २०,००० जास्त आले, तेवढे परत करा’ अशी विनंती आली, तर बँकेत जाऊन किंवा बँकेच्या अधिकृत ॲपवर खात्याची शिल्लक पाहावी आणि मगच बोलावे.

येथे बाजार आवारातील व बाहेरील व्यवहारांचा भेद ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना नीट समजावून दिला पाहिजे. वांबोरी, नेप्ती किंवा घोडेगाव येथील आवारात कांदा विकला, तर खरेदीदार बाजार समितीचा परवानाधारक असतो, लिलाव उघड होतो, हिशोबपट्टी मिळते आणि मालाचे पैसे त्याच दिवशी देण्याचा नियम आहे. तो सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातो असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु तक्रार कोणाकडे करावयाची हे तरी ठाऊक असते. कांदा-बटाट्यासह फळे व भाजीपाला यांचे आवाराबाहेरील व्यवहार शासनाने २०१६ साली बाजार समित्यांच्या नियमनातून वगळले. त्यामुळे शेतावरची विक्री पूर्णपणे कायदेशीर आहे आणि पुष्कळांना ती लाभदायकही ठरली आहे. मात्र त्या विक्रीत बाजार समितीचे संरक्षण नाही. तेथे शेतकऱ्याने स्वतःच्या अटी घातल्या पाहिजेत. ग्राहकाने किंवा त्याच्या माणसाने चाळीवर येऊन माल पाहावा, वजन जवळच्या वजनकाट्यावर व्हावे आणि रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री पटल्यावरच गाडी हलावी. खरा व्यापारी या अटींना सहसा हरकत घेत नाही, कारण न पाहिलेला कांदा घेणे त्यालाच परवडत नाही.

निविष्ठांच्या विक्रीतील फसवणूक याहून साधी असते. ऐन खरिपात युरिया किंवा डीएपी मिळेनासा झाला, की ‘कंपनीच्या गुदामातून थेट घरपोच, निम्मी रक्कम आगाऊ’ असे संदेश फिरू लागतात. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर परवानाधारक विक्रेत्याच्या पॉस यंत्रावरच नोंदली जाते आणि त्यासाठी सामान्यतः शेतकऱ्याला आधार क्रमांकासह अंगठा लावावा लागतो. दूरध्वनीवरून पैसे घेऊन कोणा अनोळखी इसमाला हे खत विकताच येणार नाही. नीमलेपित युरियाच्या ४५ किलो गोणीची किंमत २६६.५० रुपये ठरलेली आहे. तीत सवलत देण्यास विक्रेत्यास फारशी जागाच उरत नाही. त्यामुळे २०० रुपयांत गोणी देऊ करणाऱ्याकडे मुळात गोणीच नाही, असे समजण्यास हरकत नाही. बियाणे व कीटकनाशके यांची गोष्ट थोडी निराळी आहे. परवाना असलेली संस्था ती दूरस्थ पद्धतीने विकू शकते, आणि कीटकनाशकांबाबत तशी तरतूद २०२२ साली नियमांत करण्यात आली. म्हणून असा प्रत्येक विक्रेता लबाड म्हणता येणार नाही. त्याच्याकडे परवाना क्रमांक मागावा आणि पैसे देण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या किंवा पंचायत समितीच्या कृषी कार्यालयातून पडताळून घ्यावा.

सौर पंपांच्या नावाने चालणारा प्रकारही याच जातीचा आहे. पीएम-कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणी शुल्क उकळले जात असल्याचे इशारे केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१९ पासून वारंवार दिले आहेत. योजनेचे अधिकृत संकेतस्थळ pmkusum.mnre.gov.in हे आहे. त्याच्या शेवटी gov.in असल्याची खात्री करावी. लाभार्थी हिस्सा कोणाच्या वैयक्तिक खात्यात कधीच भरावा लागत नाही.

पैसे गेलेच, तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. फसविणारे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवून रोखीने काढून घेतात. ती वाटेत असेपर्यंतच गोठविता येते. म्हणून गावात चर्चा करीत न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी किंवा cybercrime.gov.in येथे ती दाखल करावी. आपल्या बँकेसही लगेच कळवावे. तक्रार करताना आपला खाते क्रमांक, रक्कम, दिनांक व वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक जवळ असावा. संभाषणे व छायाचित्रे रागाच्या किंवा लाजेच्या भरात पुसून टाकू नयेत. तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवावा आणि पोलीस ठाण्यात तो दाखवावा. गोठविलेली रक्कमच परत मिळण्याची आशा असते, काढून नेलेली रक्कम क्वचितच हाती लागते. तक्रार झाल्यानंतर काही दिवसांनी ‘आपले पैसे सापडले आहेत, सोडविण्यासाठी २,००० रुपये भरा’ असा दूरध्वनी येण्याचा संभव असतो. तो करणारे पुष्कळदा तेच लोक असतात. १९३० वरील तक्रारीस किंवा रक्कम परत मिळविण्यास कोणतेही शुल्क नाही.