वधूपित्याची दोन मिनिटं

व्हिएतनाममध्ये साखरपुडा मुलीच्या घरी होतो. वरपक्ष लाल कापडाने झाकलेल्या तबकांतून विडा-सुपारी, चहा, मद्य, मिठाई घेऊन येतो. उत्तरेत तबकं विषम, दक्षिणेत सम. त्यांचा वडीलधारा आधी बोलतो, मग वधूपिता. भिडस्त बाप हे काम भावावर सोपवतो.

भाषण साधारण असं: “दोन्ही घरच्या आजी-आजोबांना, काका-मामांना नमस्कार. आपण लांबून आलात, आभारी आहोत. हा आहेर आम्ही स्वीकारतो आणि पूर्वजांपुढे ठेवायची परवानगी मागतो. मुलगी अजून अजाण आहे. चुकली तर आपली समजून शिकवा.”

ज्येष्ठांचा क्रम मात्र चुकता कामा नये. एखादी आजी राहिली, की कुजबुज सुरू. आहेराच्या किमतीबद्दल अवाक्षर नाही. स्वीकाराचं वाक्य सर्वांत वजनदार, कारण त्यानंतरच तबकं पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर जातात, उदबत्ती लागते.

निघताना आहेराचा काही भाग वरपक्षाला परत देतात. सुपाऱ्या तेव्हा हातानेच तोडायच्या. सुरी-कात्री लावली तर नातं तुटतं, असं मानतात.