डावीकडे वळलं की शून्य

वाईहून पसरणी घाट चढताना पहिल्यांदा लक्षात आलं. डावीकडच्या वळणावर गाडी हळू घेतली, हॅण्डल वळवलं आणि मीटरवरचा २२ चा आकडा एकदम शून्यावर आला. वळण संपताच पुन्हा २५, जणू काही झालंच नाही. फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. पाचगणीत चहाला थांबून किल्ली बंद-चालू केली, तेव्हा गाडी थोडी पुढे जाताच दिवा विझला. पुढचं डावं वळण आलं की पुन्हा तेच.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. मुलाने वाकून डिस्प्लेकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीटर गेलाय, बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आलो, ती थेट आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीकडे. त्याने पहिला प्रश्न विचारला, "वेग पडतो तेव्हा बाकीचं काय दिसतं?" आरपीएम चालू होता, पेट्रोलच्या कांड्या जागेवर, घड्याळही बरोबर. "मग मीटर जिवंत आहे. त्याला वेग सांगणारा गप्प होतोय."

पूर्वीच्या गाड्यांत पुढच्या चाकातून एक केबल फिरत वर यायची आणि काटा हलवायची. ती तुटली की काटा पडायचा, विषय संपला. आता चाकाजवळ सेन्सर असतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, आणि अशा बऱ्याच गाड्यांत चाक लॉक होतंय का हे पाहणारा सेन्सरच मीटरलाही वेग पुरवतो. डिस्कच्या आतल्या बाजूला भोकांची एक पातळ रिंग चाकाबरोबर फिरते. सेन्सर तिच्यापासून साधारण एक मिलिमीटरवर बसवलेला असतो आणि समोरून जाणारी भोकं मोजतो. ती मोजणी आधी एबीएसच्या युनिटकडे जाते, तिथून मीटरकडे. दिवा आणि वेग एकाच वेळी बिघडत होते, म्हणजे खुद्द युनिटलाच चाकाची खबर मिळत नव्हती. त्यामुळे युनिट ते मीटर हा वरचा रस्ता सोडून दिला आणि चाक ते युनिट एवढाच तुकडा तपासायचा उरला.

(सगळा मीटरच काळा पडला, तर वाट वेगळी. तेव्हा चाकाकडे बघायचंच नाही. फ्यूज, मीटरमागचा कपलर आणि अर्थ बघायचा. हेडलाइट लावताच डिस्प्ले मंद होत असेल तर अर्थवर संशय घ्यावा. घड्याळ रोज १२:०० पासून सुरू होत असेल तर किल्ली बंद असतानाही मीटरला मिळणारा करंट कुठेतरी तुटतोय.)

मेस्त्रीने पुढचं चाक उचललं, किल्ली चालू केली आणि चाक हाताने जोरात फिरवलं. मीटरवर ८, ९ असे आकडे आले. मग चाक फिरत असतानाच त्याने हॅण्डल हळूहळू डावीकडे नेलं. शेवटच्या दोन बोटांत आकडा शून्य. रिंग वाकली असती किंवा सेन्सरवर चिखल बसला असता, तर हॅण्डलच्या दिशेशी त्याचा संबंध नसता. तेव्हा वेग कुठल्याही रस्त्यावर अडखळत दिसला असता. सरळ रस्त्यावर भर वेगात माझा मीटर का पडत नव्हता, तेही आता कळलं. वेगात गाडी झुकते, हॅण्डल फारसं वळतच नाही.

हेडलाइटमागचा सेन्सरचा कपलर उघडला. एका पिनेवर हिरवट पूड होती. पावसात किंवा वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यात रबराच्या सीलमधून पाणी शिरलं की तांबं असंच हिरवं पडतं. पीन साफ केली, एकेक वायर हलकेच ओढून कुठली पीन मागे सरकली नाही ना हे बघितलं, कपलर परत लावला. हॅण्डल डावीकडे नेलं, आकडा टिकला. मी खूश होऊन घरी आलो. दोन दिवसांनी मंडईच्या वळणावर पुन्हा शून्य.

इथेच बरेच जण फसतात. कपलर उघडताना वायर हलते, आतली तुटलेली टोकं घटकाभर एकमेकांना टेकतात आणि साफसफाईला फुकटचं श्रेय मिळतं.

दुसऱ्या खेपेला मेस्त्रीने मल्टिमीटर काढला, पण ओहमवर लावला नाही. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये नुसती तारेची गुंडाळी असते, तिचा रोध मोजून निदान होतं. माझ्या गाडीतल्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक चिप आहे. तिच्यावर ओहम लावून खरं काही कळत नाही, उलट चिपला धोका. किल्ली बंद करून त्याने सेन्सरच्या दोनपैकी एका वायरीच्या मध्ये मीटर घातला, मिलिअँपिअरवर, आणि किल्ली चालू करून मला चाक बोटाने इंच-इंच फिरवायला सांगितलं. आकडा ७ च्या आसपास. थोडं पुढे, १४. अजून थोडं, पुन्हा ७. एकेक भोक सेन्सरसमोरून जाताना मी डोळ्यांनी पाहत होतो.

या रचनेत एक हुशारी आहे. चाक थांबलेलं असलं तरी सेन्सर शून्य कधीच पाठवत नाही, किमान ७ पाठवतो. त्यामुळे शून्य आलं की युनिटला लगेच कळतं की चाक थांबलेलं नसून वायर तुटली आहे, आणि ते दिवा लावतं. हॅण्डल डावीकडे नेलं आणि आकडा ० झाला. सरळ केलं, ७. (काही युनिट एकदा बिघाड दिसला की सेन्सरचा करंटच तोडतात, मग दर वेळी किल्ली बंद-चालू केल्याशिवाय आकडा परत येत नाही.)

आता वायर हातात घ्यायची. खालून वर, दोन बोटांत धरून हळूहळू ताण देत. धड तांब्याची वायर ताणत नाही. फोर्कच्या वरच्या क्लॅम्पजवळ मात्र ती चिंगमसारखी लांबली आणि मध्ये बारीक झाली. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. नेमक्या त्याच जागी एक काळी झिपटाय करकचून आवळलेली होती. मे महिन्यात मी फॉग लॅम्प बसवून घेतले, तेव्हाची. वायरिंग नीटनेटकं दिसावं म्हणून बसवणाऱ्याने सेन्सरची वायरही त्याच जुडग्यात बांधली होती. हॅण्डल डावीकडे नेताना तिला लागणारी ढील उरली नव्हती, आणि दर वळणाला ती त्या टायच्या कडेवर मोडत राहिली.

"जोडून देऊ का?" असं मीच विचारलं. मेस्त्री नको म्हणाला. जिथे वायर रोज वाकते तिथे सोल्डर केलं की सांधा कडक होतो आणि त्याच्या शेजारीच पुन्हा तुटते. शिवाय ही ब्रेकची वायर. सेन्सर वायरीसकट एकच सुटा भाग मिळतो, तो मागवला. मीटरच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ होती. नवी वायर कंपनीच्या मूळ क्लिपांतून ओवली, फॉग लॅम्पची वायरिंग वेगळी बांधली, आणि हॅण्डल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत नेऊन कुठे ताण येत नाही ना हे बोटाने चाचपलं.

गाडी स्टार्ट केली तेव्हा एबीएसचा दिवा लागलेलाच होता. मी घाबरून मेस्त्रीकडे पाहिलं. "चालव की जरा," तो म्हणाला. गल्लीच्या तोंडापर्यंत जाईतो दिवा विझला. चाक फिरून खबर पोचल्याशिवाय युनिट विश्वास ठेवत नाही. मी मुद्दाम डावीकडे वळलो. १४, १५, १६.