नाव गाळलं, तरी कारखाना ओळखू येतो

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर या भागात साखर कारखान्यांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत. दहा-बारा माणसांची कंपनी, दोन-चार कारखाने गिऱ्हाईक. हंगाम चांगला गेला की मालकाला वाटतं, आपण केलेल्या कामाची यशकथा लिंक्डइनवर टाकावी, कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरवावी, म्हणजे पुढच्या हंगामाआधी आणखी एखादा कारखाना विचारेल. अपेक्षा रास्त आहे. पण कारखान्याबरोबरच्या करारात गोपनीयतेचं कलम असतं. मग सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कारखान्याचं नाव गाळायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं.

हा उपाय का पुरत नाही, ते एका मजकुरावरून पाहू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण घडण अशीच असते:

‘सोलापूर जिल्ह्यातल्या एका नामांकित सहकारी कारखान्यात आम्ही गेल्या हंगामात टोकन-प्रणाली बसवली. रोजची गाळपक्षमता ७,५०० टन, शिवाय सहवीज आणि आसवनी प्रकल्प. उसाच्या गाडीचा केनयार्डातला सरासरी मुक्काम ३१ तासांवरून १२ तासांवर आला. उतारा ०.२ टक्क्यांनी वाढला आणि १,६०० टन जादा साखर मिळाली.’

नाव कुठेच नाही. पण हा मजकूर वाचणारा माणूस कोण? साखर धंद्यातलाच. महाराष्ट्रात हंगामात सुमारे २०० कारखाने चालतात. त्यांतले सोलापूर जिल्ह्यातले, त्यांतले सहकारी, त्यांतले सहवीज आणि आसवनी दोन्ही असलेले, असं चाळत गेलं की यादी बोटांवर मोजण्याइतकी उरते. तरीही शंका राहिली तर १,६०० टनांना ०.२ टक्क्यांनी भागावं. उत्तर येतं ८ लाख टन, म्हणजेच त्या हंगामातलं एकूण गाळप. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून हंगामात कारखानानिहाय गाळप, साखर उत्पादन आणि उताऱ्याचे आकडे प्रसिद्ध होतात, वर्तमानपत्रांतही येतात. ८ लाखांच्या आसपासचं नाव त्या तक्त्यात शोधायला एका कप चहाइतका वेळ लागतो.

असं नाव शोधून काढण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी नावं आणि पत्ते काढून संशोधकांना देण्यात आल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडासारखा टपाल क्रमांक मात्र नोंदींत राहिला. लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. तिच्यातही हेच तीन तपशील होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच आजारपणाच्या नोंदी तिला सापडल्या. तिथे मतदारयादीने जे काम केलं, ते आपल्या उदाहरणात गाळपाचा तक्ता करतो. म्हणून लिहिणाऱ्याने फक्त आपला मजकूर तपासून भागत नाही. आपल्या मजकुराशेजारी ठेवता येईल असं काय काय आधीच जाहीर आहे, हेही त्याला ठाऊक असावं लागतं.

त्यात सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्वतःचीच वेबसाइट. ‘आमचे ग्राहक’ या पानावर चार बोधचिन्हं झळकत असतात आणि त्यांत सोलापूरचा कारखाना एकच असतो. मग मजकुरात जिल्हा लिहिला काय आणि नाव लिहिलं काय, सारखंच. कंपनीतल्या तरुण मुलाने हंगामभर त्या गावातून टाकलेले फोटोही तेच सांगतात.

आता कारखान्याच्या बाजूने पाहू. नाव फुटलं तर त्याचं बिघडतं काय? यशाचीच तर गोष्ट आहे. पण प्रत्येक यशकथेत आधीची वाईट अवस्था लिहिलेली असते, आणि दुखणं तिथेच असतं. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, त्याचं वजन घटतं, आणि त्यातल्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागतं. त्यापासून दाणेदार साखर तयार होत नाही. तोडणीनंतर साधारण २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा, असा संकेत आहे. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते काट्यावरच्या वजनानुसार, आणि रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी जोडलेला असतो. अलीकडच्या हंगामांत त्याचा पायाभूत उतारा १०.२५ टक्के आहे आणि त्यावरच्या प्रत्येक वाढीला जादा पैसे आहेत. म्हणजे ‘३१ तास’ हा आकडा सभासदाच्या कानावर गेला की तो विचारणार, माझ्या उसाचं किती वजन आणि किती उतारा तुमच्या आवारात गेला? वार्षिक सभा किंवा संचालक मंडळाची निवडणूक जवळ असेल, तर हाच आकडा पत्रकावर छापून येतो. ज्या कारखान्याने विश्वासाने नोंदवह्या उघडून दाखवल्या, त्याच्यावर ही वेळ आपल्या जाहिरातीमुळे यावी, हे मला अजिबात मान्य नाही.

यावर एक युक्तिवाद हमखास होतो: गाड्या तिष्ठत होत्या हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, मग त्यात गुप्त काय? ड्रायव्हरला माहीत असतो तो त्याच्या गाडीचा अनुभव. संपूर्ण हंगामाची सरासरी कारखान्याच्या नोंदींतून निघते, आणि त्या नोंदी आपल्याला कामासाठी मिळालेल्या असतात. बाहेर कुजबुज आहे म्हणून आतला आकडा सांगण्याची मुभा मिळत नाही. चार्टर्ड अकाउंटंटांच्या बाबतीत तर १९४९च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हे स्पष्टच आहे: कामात हाती आलेली माहिती अशिलाच्या संमतीशिवाय उघड करणं हे गैरवर्तन ठरतं, मग ती कितीही निरुपद्रवी वाटो.

मग लिहायचं कसं? यशकथेत दोन प्रकारचा ऐवज मिसळलेला असतो. एक गिऱ्हाइकाचा: त्याचे आकडे, त्याची माणसं, त्याची जागा. दुसरा आपला: दुखणं नेमकं कुठे आहे हे कसं ओळखलं, काय करून पाहिलं, काय चाललं नाही. पहिला बाजूला ठेवून दुसरा मोकळेपणाने, खोलात जाऊन लिहिता येतो, आणि पुढचा कारखाना कामाला बोलावतो तो त्या दुसऱ्यासाठीच. तोच मजकूर असा लिहिता येईल:

‘उसाची गाडी आवारात का खोळंबते? काटा अपुरा आहे, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. आम्ही काम केलेल्या एका कारखान्यात तासातासाची आवक मांडून पाहिली तेव्हा कारण वेगळं निघालं. तोड सकाळी सुरू होते, त्यामुळे निम्म्याहून जास्त गाड्या संध्याकाळनंतरच्या काही तासांत येऊन थडकत. गव्हाणीला मात्र चोवीस तास सारख्याच वेगाने ऊस लागतो. म्हणून तोडणीची चिठ्ठी देतानाच पोहोचण्याची वेळ ठरवून दिली. पहिले काही आठवडे ती कुणी पाळली नाही, कारण वेळेवर येऊन कुणाचा फायदा होत नव्हता. वेळेवर आलेल्या गाडीचा नंबर आधी लावायला लागल्यावर घडी बसली. आवारातला मुक्काम निम्म्याहून कमी झाला.’

जिल्हा, क्षमता, सहकारी की खासगी, हंगाम कोणता, सगळं गेलं. ‘३१ वरून १२’च्या जागी ‘निम्म्याहून कमी’ आलं, आणि तेही खरंच आहे. उताऱ्याचा दावा मी पूर्ण काढला, त्यामागे गोपनीयतेखेरीज आणखी एक कारण आहे. उतारा पावसावर, उसाच्या जातीवर, तोडणीच्या वयावर हलतो. त्यातले ०.२ टक्के आपल्या टोकनांमुळेच वाढले, हे जाणकार वाचक मानणार नाही. साखर किती वाढली यापेक्षा आवक कशी मांडली, हे वाचून त्याला आपली पारख होते.

एक वाट मात्र धरू नये: ओळख लपवण्यासाठी तपशील बदलणं. सोलापूरच्या जागी सांगली लिहिलं तर मजकूर खोटा होतोच, शिवाय सांगलीतल्या एखाद्या निरपराध कारखान्याकडे बोट जातं. तपशील ढोबळ करावा किंवा गाळावा. दोन-तीन कारखान्यांचे अनुभव एकत्र केले असतील तर तसं लिहावं.

अधिकाऱ्याचं म्हणणं अवतरणात देतानाही जपावं लागतं. शेतकी अधिकाऱ्याची बोलण्याची ढब तालुक्याला ठाऊक असते. त्याचं वाक्य जसंच्या तसं छापलं की त्याच्या हाताखालचा चिटबॉयसुद्धा सांगेल, हे आमचे साहेब. फोटोंचं तर विचारूच नका. मागे चिमणी आणि तिच्यावर रंगवलेलं नाव, काट्याच्या पावतीवरचा कारखान्याचा शिक्का, संगणकाच्या पडद्यावर शेतकऱ्यांची नावं आणि मोबाईल क्रमांक. यातला शेवटचा प्रकार तर कारखान्याच्या परवानगीनेही निस्तरत नाही, कारण ती माहिती त्या शेतकऱ्यांची आहे आणि २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा तिच्यासाठीच झालेला आहे. पडद्याचं चित्र हवंच असेल तर बनावट नोंदी भरून नव्याने काढावं. खऱ्या नावांवर नुसती धूसर पट्टी ओढली तर ती कधी अर्धवट राहते, कधी मूळ फाइलच पुढे पाठवली जाते.

मजकूर तयार झाला की तो तीन जणांच्या नजरेने वाचावा: शेजारच्या कारखान्याचा कार्यकारी संचालक, याच कारखान्याचा नाराज सभासद आणि याच कारखान्यातला कारकून. पहिल्या दोघांना कारखाना ओळखता येता कामा नये. कारकून बहुधा ओळखेलच, ते टळत नाही. पण ओळखल्यावर त्याला आधी माहीत नसलेलं काही त्यातून कळता कामा नये. काही कामं या चाळणीतून पारच होत नाहीत. एखादं यंत्र राज्यात एकाच कारखान्यात असेल, तर कितीही ढोबळ लिहा, ओळख पटणारच. तिथे नाव घालून परवानगी मागावी, नाहीतर लिहू नये.

परवानगीआधी करार पुन्हा वाचावा. गोपनीयतेचं कलम काम संपल्यावरही किती वर्षं लागू राहतं आणि प्रसिद्धीसाठी गिऱ्हाइकाचा उल्लेख करण्याबद्दल वेगळं कलम आहे का, या दोन गोष्टी त्यात शोधायच्या. ‘एका कारखान्यात’ एवढाच उल्लेख असला तरी अंतिम मजकूर गिऱ्हाइकाला दाखवावा, असं माझं ठाम मत आहे. कुठला तपशील बोचरा आहे हे त्यालाच नेमकं कळतं. शेतकी अधिकाऱ्याने फोनवर ‘टाका की, काय होतंय’ म्हटलं, ही परवानगी नव्हे. ती कार्यकारी संचालकांच्या सहीने किंवा त्यांच्या ईमेलवरून यावी. पत्राला पूर्ण मजकूर आणि फोटो जोडलेले असावेत, तो कुठे कुठे वापरणार ते लिहिलेलं असावं, आणि कारखान्याने कळवल्यास किती दिवसांत काढून टाकू तेही असावं. पुढे त्याच मजकुराचं माहितीपत्रक करायचं ठरलं, किंवा विक्री करणाऱ्या मुलाला सादरीकरणात जुने आकडे परत घालावेसे वाटले, तर त्यासाठी नव्याने विचारावं लागतं.