चार ओळींची पूर्वतयारी

चाळीस फ्लॅटच्या एखाद्या सोसायटीत टाक्या धुवायच्या आहेत आणि सचिवांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकायची आहे, असं समजा. ते चॅटजीपीटी किंवा जेमिनी उघडून एवढंच टाइप करतात: ‘पाणी बंद असल्याची सूचना लिहून दे.’ उत्तर क्षणात येतं. ‘आदरणीय रहिवासी बंधू-भगिनींनो’ अशी सुरुवात, पाणी जपून वापरण्याचा उपदेश, तारखेच्या जागी रिकामा कंस आणि शेवटी ‘आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’. भाषा शुद्ध, पण उपयोग शून्य.

यात बिघाड काही नाही. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून ठरवत असे प्रोग्राम उत्तर रचतात. प्रश्न मोघम असला की हजारो सूचनांमध्ये जे सरसकट आढळतं, तेच हाती येतं. टाकी कधी धुणार, किती वेळ पाणी नसणार, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे आपण देतो ती सूचना, चार भागांत लिहावी: भूमिका, काम, संदर्भ आणि उत्तराचं स्वरूप. सचिवांचा प्रॉम्प्ट मग असा होईल:

> भूमिका: तू पुण्यातल्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा सचिव आहेस.
> काम: टाक्यांच्या सफाईची सूचना लिही.
> संदर्भ: रविवार, १४ जून. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पाणी बंद. गच्चीवरची आणि जमिनीखालची, दोन्ही टाक्या धुणार. शनिवारी रात्री पाणी भरून ठेवावं. पाणी सुरू झाल्यावर ते सुरुवातीला गढूळ येऊ शकतं. वाचणाऱ्यांत बरेच ज्येष्ठ नागरिक आहेत. फक्त ही माहिती वापर. काही कमी वाटलं तर लिहिण्याआधी विचार.
> स्वरूप: व्हॉट्सअॅपसाठी साध्या मराठीत पाच छोट्या ओळी. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ. चांदण्या, इमोजी, उपदेश नको.

या चारांत सर्वांत जास्त भाव भूमिकेला मिळतो, पण तिचं काम मर्यादित आहे. तिच्यामुळे सूर आणि शब्द बदलतात, माहितीच्या खरेपणाची हमी मिळत नाही. ‘तू निष्णात वकील आहेस’ असं लिहिलं, तरी कायद्याचं कलम चुकीचं येऊ शकतं, फक्त ते अधिक ठामपणे मांडलेलं असतं.

खरी मेहनत संदर्भावर घ्यावी. वर शनिवारी पाणी भरून ठेवण्याची ओळ नसती, तर ती सूचनेत आली असती की नाही, हे नशिबावर राहिलं असतं. आणि वेळ दिली नसती, तर एखादी ‘१० ते २’ अशी वेळ बेमालूम ठोकून दिली जाण्याचा धोका होता. ‘काही कमी वाटलं तर विचार’ या वाक्याने तो बराच कमी होतो. पूर्ण टळत मात्र नाही.

काम सांगताना एक ठोस क्रियापद पुरतं: लिही, सारांश काढ, तक्ता कर. ‘पाण्याबद्दल काहीतरी मदत कर’ यातून काहीच ठरत नाही.

स्वरूपात ‘शंभर शब्द’ म्हणण्यापेक्षा ‘पाच ओळी’ म्हणणं बरं, कारण हे प्रोग्राम मजकूर शब्दांऐवजी त्यांच्या तुकड्यांत हाताळतात आणि शब्दसंख्या अनेकदा चुकवतात. चांदण्यांचंही कारण आहे. ठळक अक्षरांसाठी ते शब्दाच्या दोन्ही बाजूंना `**` घालतात, व्हॉट्सअॅपला मात्र एकच `*` लागते, त्यामुळे जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर चांदण्यांनी भरतो. ‘सविस्तर पण थोडक्यात’ अशी परस्परविरोधी मागणी केली, तर दोन्हींपैकी एक गोष्ट बाजूला पडणारच.

उत्तर आलं की सूचनेतला प्रत्येक आकडा, तारीख आणि नाव आपल्या प्रॉम्प्टमध्ये सापडतं का, ते बघावं. जे सापडत नाही, ते प्रोग्रामने पदरचं घातलेलं आहे. ते खोडावं किंवा खातरजमा करून ठेवावं. मजकुराचा सूर खटकला, तर सगळं नव्याने लिहायची गरज नाही. ‘तिसरी ओळ काढ, दुसरी आणखी सोपी कर’ एवढं त्याच संभाषणात सांगितलं तरी चालतं.

संदर्भ द्यायचा म्हणून सभासदांचे फोन नंबर किंवा थकबाकीची यादी मात्र तिथे चिकटवू नये. ‘फ्लॅट अ’, ‘फ्लॅट ब’ असं लिहूनही मसुदा तयार होतो. खरी नावं नंतर हाताने भरावीत.