पैसे कधी आले आणि कमाई कधी झाली

शिलाईच्या दुकानाचा हिशेब दोन पद्धतींनी ठेवता येतो. रोकड पद्धतीत पैसे हातात पडले की जमा आणि हातातून गेले की खर्च, एवढाच नियम असतो. उपार्जित पद्धतीत, म्हणजे करसल्लागार जिला मर्कंटाइल म्हणतात त्या पद्धतीत, काम पुरे करून गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिले त्या दिवशी उत्पन्न धरतात. पैसे महिनाभर आधी आलेले असोत की दोन महिन्यांनी येणार असोत, त्याने फरक पडत नाही. त्या कामाला जेवढे कापड आणि जेवढी मजुरी लागली, तेवढाच खर्च त्या उत्पन्नासमोर लिहिला जातो.

ब्लाउज शिवून झाला, बाईने पैसे दिले आणि घेऊन गेली, अशा व्यवहारात दोन्ही पद्धती जवळजवळ सारखेच सांगतात. अंतर पडते ते उधारी, आगाऊ रक्कम आणि कपाटातले कापड यांमुळे. शाळेच्या गणवेशांच्या कामात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून तेच उदाहरण घेतलेले बरे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. समजा, मे महिन्यात एका शाळेने १०० गणवेशांची ऑर्डर दिली. कापडासकट दर ६०० रुपये, एकूण ६०,००० रुपये. शाळेने मे महिन्यातच २०,००० रुपये आगाऊ दिले. दुकानमालकिणीने ३०,००० रुपयांचे कापड रोखीने आणले. जूनमध्ये कारागिरांना १२,००० रुपये मजुरी दिली आणि सगळे गणवेश पोहोचते केले. त्यातले ३,००० रुपयांचे कापड उरले. शाळेचे बाकीचे ४०,००० रुपये ऑगस्टमध्ये आले. दुकानाचे भाडे आणि रोजची गिऱ्हाइके हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवली आहेत.

रोकड पद्धतीने पाहिले तर मे महिन्यात १०,००० रुपयांचा तोटा दिसतो, जूनमध्ये १२,००० रुपयांचा. जुलै कोरा जातो आणि ऑगस्टमध्ये एकदम ४०,००० रुपयांचा नफा होतो. म्हणजे रात्री जागून ज्या महिन्यात काम केले तो महिना सगळ्यांत वाईट ठरला आणि या ऑर्डरसाठी सुईत दोराही ओवला नाही तो सगळ्यांत चांगला. अशा वहीवरून पुढच्या वर्षीचा दर ठरवायला बसले तर ६०० रुपये परवडतात की नाही हे कळणार नाही.

उपार्जित पद्धतीत मे महिन्यात नफा नाही आणि तोटाही नाही. आलेले २०,००० हे उत्पन्न नसून देणे आहे, कारण गणवेश अजून द्यायचे आहेत आणि ऑर्डर फिरली तर पैसे परत मागितले जातील. ३०,००० रुपयांचे कापडही अजून खर्च नाही, ते शिल्लक माल आहे. जूनमध्ये गणवेश दिले की ६०,००० उत्पन्न, वापरलेले कापड २७,००० आणि मजुरी १२,००० खर्च. नफा २१,००० रुपये, म्हणजे एका गणवेशामागे २१० रुपये. भाडे, वीज आणि स्वतःची मेहनत या २१० रुपयांतून निघायची आहे. दर ठरवताना हाच आकडा लागतो.

चार महिन्यांची बेरीज केली तर रोकड वहीत १८,००० उरतात, उपार्जित वहीत २१,०००. मधले ३,००० म्हणजे कपाटात उरलेले कापड. ते पुढच्या कामात वापरले गेले की हा फरक मिटतो. काळ पुरेसा लांब धरला तर दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी येतात; भांडण असते ते फक्त कुठल्या महिन्याच्या नावावर काय लिहायचे याचे.

उपार्जित हिशेब म्हणजे कारकुनाचे काम, अशी समजूत आहे. ती खरी नाही. रोजची रोकड वही आहे तशीच चालू ठेवावी. तिच्या जोडीला महिनाअखेरीला तीन याद्या कराव्यात: गिऱ्हाइकांकडून येणे, आपल्याला द्यायचे देणे (आगाऊ घेतलेल्या रकमा यातच) आणि शिल्लक माल. मग महिन्याच्या निव्वळ रोकडीत येणे जितके वाढले ते मिळवावे, माल जितका वाढला तो मिळवावा आणि देणे जितके वाढले ते वजा करावे. कमी झाले असेल तर उलट करावे.

वरच्या जूनला हे लावून पाहू. रोकड वजा १२,०००. येणे शून्यावरून ४०,००० झाले, म्हणून अधिक ४०,०००. माल ३०,००० वरून ३,००० वर उतरला, म्हणून वजा २७,०००. आगाऊ रकमेचे २०,००० रुपयांचे देणे फिटले, म्हणून अधिक २०,०००. उत्तर २१,०००. महिनाअखेरीला अर्धवट शिवलेले कपडे असतील, तर त्यांत गेलेले कापड आणि दिलेली मजुरी शिल्लक मालाच्या यादीत धरावी लागते. ही नोंद सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

दुसरी नेहमीची चूक ऑगस्टमध्ये होते. आलेले ४०,००० पुन्हा उत्पन्नात लिहिले जातात आणि एकाच कामाची कमाई दोनदा मोजली जाते. ही रक्कम फक्त येण्यातून कमी करायची असते. येण्याच्या यादीची बेरीज आणि न भरलेल्या बिलांची बेरीज जुळते का, हे दर महिन्याला पाहिले की चूक लगेच सापडते. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे ही मालकिणीची उचल असते. ती दोन्ही पद्धतींत व्यवसायाचा खर्च नाही, म्हणून ती वेगळी लिहून रोकडीच्या या आकड्याबाहेर ठेवावी. नवे शिलाई मशीनही तसेच: त्याची किंमत खरेदीच्या महिन्यात एकदम खर्ची न टाकता घसारा म्हणून वर्षावर्षांत विभागतात.

उपार्जित पद्धतीची एक मर्यादा मात्र गंभीर आहे. जूनमध्ये २१,००० नफा दिसत असताना गल्ल्यात, फक्त या ऑर्डरपुरते पाहिले, तर २२,००० रुपयांची तूट आहे. कारागिरांचा पगार नफ्यातून होत नाही, रोकडीतून होतो. नफा वाढतो आहे आणि पैसे मात्र दिसत नाहीत, असे झाले की येण्याची यादी लांबलेली असते. शाळेने पैसे बुडवलेच तर ते येणे तोटा म्हणून काढून टाकावे लागते. म्हणून रोकड वही सुटत नाही. रोज ती पाहायची आणि दर ठरवताना दुसरी.

आयकरासाठी १९६१ च्या कायद्याच्या कलम १४५ ने व्यावसायिकाला दोन्हींपैकी कोणतीही पद्धत निवडू दिली, अट एवढीच की ती नियमितपणे पाळावी. उत्पन्न एका पद्धतीने आणि खर्च दुसरीने, अशी सरमिसळ चालत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायाला ही निवड नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने त्याला उपार्जित पद्धतच लावली आहे. जीएसटीची नोंदणी असेल तर करही सर्वसाधारणपणे बिलाच्या तारखेवरून लागतो, म्हणजे शाळेचे पैसे ऑगस्टमध्ये आले तरी जूनच्या बिलावरचा कर आधी भरावा लागतो.

रोकड पद्धत सोडून उपार्जित पद्धतीकडे जायचे असेल तर १ एप्रिल हा सोयीचा दिवस. त्या दिवशीचे येणे, देणे आणि कपाटातले कापड, अस्तर, बटणे यांची खरेदीच्या भावाने यादी करून ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर घ्यावी. मार्चपूर्वीच्या कामाचे जे पैसे एप्रिलनंतर येतील ते जुन्या वहीत उत्पन्न म्हणून आलेले नसतात. त्यांवरचा कर सुटू नये आणि दोनदाही लागू नये, यासाठी ही यादी त्या वर्षीच्या विवरणपत्रापूर्वी करसल्लागाराला दाखवावी लागते.